परिवर्तनीय रोख्याची किंमत कशी काढायची: टेस्लाच्या २०१९ च्या रोख्यावरून

परिवर्तनीय रोखा, म्हणजे कन्व्हर्टिबल बाँड, विकत घेताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर जाते: रूपांतरण प्रीमियम, म्हणजे शेअरमध्ये बदलून मिळणाऱ्या रकमेपेक्षा रोखा किती टक्के महाग पडतो ते. प्रीमियम कमी असला की रोखा स्वस्त, जास्त असला की महाग, असा समज असतो. पण प्रीमियम हा उरलेला आकडा आहे. रोख्याचे शेअर केले तर किती मिळतील, आणि शेअर केलेच नाहीत तर नुसत्या कर्जरोख्याला बाजार काय देईल, ही दोन मूल्ये आधी वेगवेगळी काढायची. ती हातात असल्याशिवाय प्रीमियमला काही अर्थ नाही. आणि या दोघांत चुका होतात त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्या मूल्यात.

कागदपत्रे सर्वांना उपलब्ध आहेत असा एक खरा रोखा घेऊ. मे २०१९ मध्ये टेस्लाने २ टक्के कूपनचे, म्हणजे वार्षिक व्याजाचे, १५ मे २०२४ ला मुदत संपणारे परिवर्तनीय रोखे काढले. दर १,००० डॉलर दर्शनी किमतीला ३.२२७६ शेअर, असे प्रमाण ठरले होते. त्या वेळी शेअरचा संदर्भ भाव २४३ डॉलर होता.

आधी कागद नीट वाचा

गणिताला हात घालण्याआधी ऑफरच्या कागदपत्रातून काही गोष्टी टिपून ठेवाव्या लागतात: दर्शनी किंमत, कूपन आणि ते वर्षातून किती वेळा मिळते, मुदतपूर्तीची तारीख आणि रूपांतरण प्रमाण. मुदतीला दर्शनी किंमतच परत मिळणार की त्याहून जास्त, हेही पाहायचे. त्यानंतर दोन हक्क तपासायचे. कंपनीला रोखा मुदतीआधी परत घेता येतो का, तो कॉल. रोखेधारकाला तो कंपनीच्या गळ्यात परत घालता येतो का, तो पुट. पुट असेल तर नुसत्या रोख्याचे मूल्य पुटच्या तारखेपर्यंतही काढून पाहायचे. पाच वर्षांच्या रोख्याला तिसऱ्या वर्षी पुट असेल आणि कंपनी ते पैसे देऊ शकेल अशी खात्री असेल, तर तुमच्या हातात खरे तर तीन वर्षांचाच रोखा आहे.

रूपांतरण किंमत वेगळी शोधायची गरज नसते. १,००० ला ३.२२७६ ने भागले की ३०९.८३ डॉलर येतात. रोख्यातले १,००० डॉलर सोडून एकेक शेअर तुम्हाला या भावाने पडतो.

इथे एक सापळा आहे. टेस्लाने या रोख्यांबरोबर स्वतःसाठी बँकांशी वेगळे सौदे केले होते आणि त्यांत ६०७.५० डॉलरचा भाव होता. अशा सौद्यांमुळे भागभांडवल पातळ होण्याचा त्रास कंपनीपुरता कमी होतो, आणि बातम्यांत मग ‘प्रभावी रूपांतरण किंमत’ म्हणून तो वरचा आकडा झळकतो. रोखेधारकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमच्या गणितात ३०९.८३ च राहते.

पहिला आकडा: रूपांतरण मूल्य

हे सोपे आहे. प्रमाणाला शेअरच्या आजच्या भावाने गुणायचे. ३.२२७६ गुणिले २४३, म्हणजे ७८४.३१ डॉलर. बाजारातली मंडळी यालाच पॅरिटी म्हणतात. रोखा आत्ता या क्षणी शेअरमध्ये बदलून ते शेअर विकले, तर हातात येणारी ही रक्कम.

गणित सोपे असले तरी प्रमाण शिळे असू शकते. शेअरचे विभाजन, बोनस, हक्कभाग किंवा मोठा लाभांश झाला की करारानुसार प्रमाण बदलते. ऑगस्ट २०२० मध्ये टेस्लाने एकाचे पाच शेअर केले, तेव्हा ३.२२७६ चे १६.१३८ झाले आणि रूपांतरण किंमत ३०९.८३ वरून ६१.९७ वर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा एकाचे तीन झाले. विभाजनानंतरचा शेअरभाव घेऊन जुन्या प्रमाणाने गुणले, तर रूपांतरण मूल्य पाचपट कमी दिसते आणि प्रीमियम काही शे टक्क्यांवर जातो. असा अचाट प्रीमियम दिसला की निष्कर्ष काढण्याआधी प्रमाण तपासा. अशा वेळी दहातल्या नऊदा चूक तिथेच सापडते.

दुसरी बाब रूपांतर कधी करता येते याची. अमेरिकेतल्या अशा रोख्यांत मुदतीच्या शेवटच्या काही महिन्यांआधी मनाला येईल तेव्हा रूपांतर करता येत नाही. त्यासाठी ठरावीक अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, उदाहरणार्थ शेअर ठरलेले दिवस रूपांतरण किमतीच्या १३० टक्क्यांवर टिकणे. म्हणून रूपांतरण मूल्य म्हणजे खिशातली रोकड समजू नये. हक्क आज वापरता आला असता तर त्याची किंमत किती, एवढेच ते सांगते.

दुसरा आकडा: नुसत्या रोख्याचे मूल्य

आता शेअरमध्ये बदलण्याचा हक्क काढून टाकला असे समजा. उरतो काय? दर सहा महिन्यांनी १० डॉलर, अशी दहा कूपने, आणि शेवटी १,००० डॉलर. या रकमा आजच्या किमतीत आणायच्या. प्रश्न एकच: कोणत्या व्याजदराने?

इथे २ टक्के हा दर वापरणारे लोक नेहमी भेटतात. कूपनच्याच दराने सवलत दिली की उत्तर नेमके १,००० येते आणि रोखा दर्शनी किमतीला घेतला तर खाली काही धोकाच नाही असा भास होतो. सरकारी रोख्यांचा दर घेतला तरी तसेच. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाच वर्षांच्या रोख्यावरचा परतावा २ टक्क्यांच्या थोडा वर होता. त्याने मोजले तर उत्तर १,००० च्या आसपासच येते. पण टेस्ला म्हणजे अमेरिकी सरकार नव्हे. कूपन २ टक्के ठेवता आले ते रूपांतराचा हक्क जोडून दिला म्हणूनच.

बरोबर दर म्हणजे याच कंपनीच्या, तितक्याच मुदतीच्या, परतफेडीच्या रांगेत त्याच जागी असलेल्या साध्या रोख्यावर बाजार मागतो तो परतावा. टेस्लाच्या बाबतीत तुलनेला चांगला रोखा हाताशी होता. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने ५.३० टक्क्यांचे साधे रोखे काढले होते, मुदत २०२५. २०१९ च्या मे महिन्यात ते दर्शनी किमतीच्या बरेच खाली मिळत होते, म्हणजेच गुंतवणूकदार ५.३० टक्क्यांहून बराच जास्त परतावा मागत होते. आपण ८.५ टक्के धरू. हा अंदाज आहे, आणि तो अंदाज आहे हे विसरायचे नाही.

एक्सेलमध्ये सगळे हिशेब तीन ओळींत होतात:

```
=3.2276*243                  784.31
=-PV(0.085/2,10,10,1000)     739.65
=1000/784.31-1               0.275
```

मधल्या ओळीत दर दोनने भागला आहे, कारण कूपन सहामाही आहे आणि हप्ते दहा. वार्षिक दर तसाच ठेवून हप्ते मात्र दहा घेणे ही घाईत होणारी चूक. मग मूल्य ५०८ पर्यंत खाली जाते.

तर नुसत्या रोख्याचे मूल्य सुमारे ७४० डॉलर. याला फ्लोअर म्हणतात, म्हणजे शेअर कितीही पडला तरी रोखा टेकेल अशी जमीन. हा शब्द सावधपणे घ्यावा. दर ६.५ टक्के धरला तर ७४० चे ८१० होतात, १०.५ टक्के धरला तर ६७६. दोन-दोन टक्के इकडेतिकडे झाले, आणि ते अशा कंपन्यांत काही आठवड्यांत होऊ शकते, की जमीन साठ-सत्तर डॉलरांनी वरखाली होते. म्हणून कागदावर एकच आकडा न लिहिता तीन लिहावेत: आशावादी, मधला आणि निराशावादी. निर्णय तिसऱ्यावर तपासून पाहावा.

कंपनीचा साधा रोखाच बाजारात नसेल तर तिच्या पतमानांकनाच्या आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्यांचे रोखे पाहायचे. परिवर्तनीय रोखे बरेचदा विनातारण असतात आणि बँकांची कर्जे मात्र तारण घेऊन बसलेली असतात. कंपनीला बँक ज्या दराने कर्ज देते तो दर उचलून इथे लावला, तर मूल्य फुगते. विनातारण कर्जाला त्यावर आणखी काही टक्के जोडावे लागतात.

तिसरा आकडा: प्रीमियम, आणि तो एकटा नाही

रोखा १,००० डॉलरला मिळतो, रूपांतरण मूल्य ७८४.३१. फरक २१५.६९ डॉलर. त्याला ७८४.३१ ने भागले की २७.५ टक्के. हा रूपांतरण प्रीमियम. शेअरच्या भाषेत सांगायचे तर बाजारात २४३ ला मिळणारी वस्तू तुम्ही ३०९.८३ ला घेत आहात. भागताना छेदात रूपांतरण मूल्य असते, रोख्याचा भाव नव्हे. १,००० ने भागले तर २१.६ टक्के येतात आणि दुसऱ्या रोख्यांशी केलेली तुलना बिघडते.

याच्या शेजारी दुसरा प्रीमियम लिहायचा, जो बरेच जण लिहीतच नाहीत. नुसत्या रोख्याच्या मूल्यावर तुम्ही किती जास्त देता? १,००० आणि ७४० मधला फरक २६० डॉलर, म्हणजे ७४० च्या ३५ टक्के. रूपांतराच्या हक्कासाठी तुम्ही प्रत्यक्षात मोजलेली किंमत हीच.

आता दोन्ही एकत्र वाचा. शेअर वधारला तर त्याच्यामागे धावताना २७.५ टक्क्यांचे अंतर आधी कापायचे आहे. शेअर कोसळला आणि कंपनीची पत आहे तशीच राहिली, तर १,००० पैकी २६० डॉलर, म्हणजे २६ टक्के, जाऊ शकतात. प्रीमियम कमी पण जमीन फार खोल, असा रोखा म्हणजे जवळजवळ शेअरच. प्रीमियम मोठा पण जमीन जवळ, तर तो मुख्यतः कर्जरोखा. दोन रोख्यांचा रूपांतरण प्रीमियम सारखाच २७ टक्के असूनही एकात बुडण्याची भीती दुसऱ्याच्या तिप्पट असू शकते.

जुन्या पुस्तकांत आणखी एक कसोटी असते, परतफेडीचा काळ. रोख्याचे कूपन शेअरच्या लाभांशापेक्षा जास्त असेल, तर त्या जास्तीच्या उत्पन्नातून प्रीमियम किती वर्षांत वसूल होईल? इथे टेस्ला लाभांश देत नव्हती, म्हणून जास्तीचे उत्पन्न वर्षाला पूर्ण २० डॉलर. २१५.६९ भागिले २० म्हणजे १०.८ वर्षे. रोख्याचे आयुष्य पाच वर्षांचे! या कसोटीने हा रोखा घेऊच नये असे निघते. पण कसोटीच अपुरी आहे. ती फक्त कूपन मोजते, खाली असलेल्या जमिनीची किंमत मोजत नाही. ऐंशीच्या दशकात कूपने सणसणीत होती तेव्हा ती उपयोगी पडायची. अर्धा-एक टक्का कूपनच्या रोख्यांना ती लावण्यात वेळ घालवू नये.

२६० डॉलर वाजवी आहेत का?

हक्काची किंमत वाजवी आहे का, ते पाहायला शेअरची व्होलॅटिलिटी लागते, म्हणजे वार्षिक चढउतार. रोख्यात दडलेला हक्क हा ३.२२७६ शेअरवरचा, ३०९.८३ डॉलर भावाचा, पाच वर्षांचा कॉल ऑप्शन आहे, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क; कंपनीचा कॉल वेगळा. त्याला ऑप्शनची किंमत काढायचे ब्लॅक-शोल्सचे सूत्र लावू, बिनजोखमीचा दर २.२ टक्के धरू. चढउतार ४० टक्के घेतला तर एका शेअरमागे सुमारे ७३.५ डॉलर, म्हणजे एकूण २३७. ४५ टक्के घेतला तर ८४ च्या आसपास, एकूण २७०.

त्यात नुसत्या रोख्याचे ७४० मिळवा. पहिल्या गृहीतकाने रोख्याचे एकूण मूल्य ९७७ आणि दुसऱ्याने १,०१०. म्हणजे १,००० ला रोखा घेणारा माणूस ‘टेस्लाचा चढउतार पाच वर्षे सुमारे ४३-४४ टक्के राहील’ यावर पैसे लावत होता. प्रश्न आता नेमका झाला. ‘२७.५ टक्के प्रीमियम जास्त आहे का?’ याला उत्तर नाही, पण ‘हा शेअर पुढची पाच वर्षे ४३ टक्क्यांहून जास्त हलेल का?’ याला अभ्यासून उत्तर देता येते.

या बेरजेत थोडी लबाडी आहे आणि ती माहीत असावी. कंपनी बुडाली तर ऑप्शनही बुडतो, हे सूत्राला कळत नाही, त्यामुळे हक्काची किंमत थोडी फुगून येते. कंपनीला मुदतीआधी कॉलचा हक्क असेल तर ती आणखी कमी करावी लागते. शेअर चांगला वर गेला की कंपनी कॉल जाहीर करते, रोखेधारकाला नाइलाजाने रूपांतर करावे लागते, आणि हक्काची उरलेली वर्षे तिथेच संपतात. व्यावसायिक मंडळी यासाठी टप्प्याटप्प्याचे वृक्ष-मॉडेल वापरतात. त्यात शेअरमध्ये जाणाऱ्या भागाला बिनजोखमीचा दर लागतो आणि रोखीने मिळणाऱ्या भागाला जोखमीचा, कारण कंपनी शेअर केव्हाही छापू शकते, डॉलर नाही. घरी बसून निर्णय घेणाऱ्याला वरची बेरीज पुरते. फक्त उत्तर भावाच्या दोन-तीन टक्क्यांत आले, तर त्यावरून रोखा स्वस्त वा महाग ठरवू नये.

शेअर हलला की तिन्ही आकडे हलतात

समजा दुसऱ्या दिवशी शेअर दहा डॉलरने उतरून २३३ झाला. रूपांतरण मूल्य ३२ डॉलरने घसरून ७५२ होईल. रोखा मात्र तितका पडणार नाही. वरच्या मॉडेलमध्ये ऑप्शनचा डेल्टा, म्हणजे शेअर एक डॉलर हलला की ऑप्शन किती हलतो ते, ०.६२ च्या आसपास आहे. त्याला ३.२२७६ ने गुणले तर रोखा दोन शेअरइतका हलतो, म्हणजे २० डॉलरने. भाव ९८०. आता प्रीमियम काढा: ९८० भागिले ७५२, म्हणजे ३०.३ टक्के. काल २७.५ होता.

रोखा महाग झाला का? अजिबात नाही, तो २० डॉलरने स्वस्त झाला. शेअर पडला की प्रीमियम आपोआप फुगतो आणि शेअर चढला की आपोआप आकसतो. म्हणून एकाच रोख्याचा आजचा प्रीमियम महिन्यापूर्वीच्या प्रीमियमशी ताडून पाहणे निरर्थक, दोन्ही दिवशी शेअरचा भाव एकच असेल तेवढी गोष्ट सोडून.

मोठी घसरण वेगळी. जून २०१९ च्या सुरुवातीला टेस्लाचा शेअर १८० डॉलरच्या खाली बंद झाला. १७९ धरला तर रूपांतरण मूल्य ५७८ होते. पण शेअर महिन्याभरात चतुर्थांशाने पडतो तेव्हा कर्ज देणारेही धास्तावतात. मागितलेला परतावा ८.५ वरून १०.५ टक्क्यांवर गेला असे समजले, तर जमीनच ७४० वरून ६७६ वर उतरते. फ्लोअर स्थिर धरून ‘जास्तीत जास्त तोटा २६ टक्के’ असे लिहिणाऱ्याचा हिशेब इथे कोसळतो, कारण ज्या कारणाने शेअर पडतो त्याच कारणाने बरेचदा पतही घसरते.

वरच्या टोकाला चित्र उलटे. फेब्रुवारी २०२० मध्ये हाच शेअर ९०० च्या वर गेला. ९०० ला रूपांतरण मूल्य २,९०५ डॉलर. अशा ठिकाणी प्रीमियम जवळजवळ शून्य असतो, नुसत्या रोख्याचे ७००-८०० डॉलर कोणी विचारत नाही, आणि रोखा हातात असणे म्हणजे ३.२२७६ शेअर हातात असणेच. तिथे प्रीमियम कमी म्हणून रोखा ‘स्वस्त’ समजून घेणारा माणूस संरक्षण नसलेली वस्तू संरक्षणाच्या भरवशावर घेत असतो.

रोखा नुसताच कर्ज होऊन संपणे म्हणजे काय, तेही टेस्लाच्याच जुन्या रोख्यात दिसते. २०१४ मध्ये काढलेल्या एका मालिकेची रूपांतरण किंमत ३५९.८७ डॉलर होती. मुदत १ मार्च २०१९. तोवर शेअर ३०० च्या आसपास होता, रूपांतरात काही हशील नव्हता, आणि कंपनीने ९२ कोटी डॉलर रोखीने परत केले. दर्शनी किमतीला घेतलेल्यांना पाच वर्षे पाव टक्का व्याज आणि मुद्दल मिळाले. शेअर ज्या दिवशी मागे पडतो त्या दिवशी जमीन कंपनीच्या तिजोरीइतकीच भक्कम असते. त्या वेळी तिजोरीत पैसे होते.

प्रीमियम उणे दिसला तर

कधीकधी पडद्यावर प्रीमियम शून्याच्या खाली दिसतो आणि फुकटचा नफा सापडल्यासारखे वाटते. आधी जमलेले व्याज पाहा. रोख्यांचे भाव साधारणपणे व्याज सोडून, दर्शनी शंभराला किती, असे सांगितले जातात. समजा भाव १५० आहे, म्हणजे १,५०० डॉलर, आणि रूपांतरण मूल्य १,५०३. प्रीमियम उणे ०.२ टक्के. पण शेवटच्या कूपनला पाच महिने झाले असतील तर विकणाऱ्याला जमलेले ८.३३ डॉलरही द्यावे लागतात. खर्च १,५०८.३३. आणि रूपांतर केले की जमलेले व्याज सहसा मिळत नाही. तीन डॉलरचा नफा म्हणता म्हणता पाच डॉलरचा तोटा.

व्याजाने खुलासा झाला नाही तर रूपांतराची खिडकी आत्ता उघडी आहे का ते पाहावे, आणि शेअर मिळायला किती दिवस लागतात तेही. शेअर उसना घेऊन विकता येत नसेल, तर तेवढे दिवस भाव पडण्याचा धोका तुमचाच.

भारतीय रोख्यांत बदलणारे दोन हिशेब

पहिला परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांचा, म्हणजे एफसीसीबीचा. दर्शनी किंमत डॉलरमध्ये, रूपांतरण किंमत रुपयांत, आणि दोघांना जोडणारा विनिमय दर करारात कायमचा ठरवलेला. पुण्याच्या सुझलॉन एनर्जीने २०१४ मध्ये पुनर्रचनेतून काढलेल्या रोख्यांची सुरुवातीची रूपांतरण किंमत १५.४६ रुपये होती आणि ठरलेला दर डॉलरला ६०.२२५ रुपये. १,००० डॉलरचे ६०,२२५ रुपये, त्यांना १५.४६ ने भागले की ३,८९५ शेअर आणि वर थोडे. हे झाले प्रमाण. ते ठरलेल्याच दराने काढायचे. मात्र रूपांतरण मूल्य डॉलरमध्ये आणताना बाजारातला आजचा दर घ्यायचा.

शेअर १० रुपये आणि डॉलर ६९ रुपये धरा. शेअरची किंमत ३८,९५५ रुपये, भागिले ६९, म्हणजे सुमारे ५६५ डॉलर. दोन्हीकडे एकच दर वापरला, ६०.२२५ असो वा ६९, तर उत्तर ६४७ येते. रोखा ७०० ला मिळत असेल तर खरा प्रीमियम २४ टक्के आहे आणि चुकीच्या हिशेबात तो ८ टक्के दिसतो. रुपया घसरला की डॉलरमध्ये गुंतवलेल्याचे रूपांतरण मूल्य खाली जाते, शेअर जागचा हलला नाही तरी.

२००५ ते २००८ च्या तेजीत भारतीय कंपन्यांनी काढलेल्या बऱ्याच एफसीसीबींवर कूपन शून्य किंवा नाममात्र होते आणि मुदतीला दर्शनी किमतीपेक्षा बरीच जास्त रक्कम देण्याचे वचन होते. नुसत्या रोख्याचे मूल्य काढताना शेवटी १,००० नव्हे, ती वाढीव रक्कम घालायची. पण ते वचन पाळले जाईल का, हे दरात दिसायला हवे. सुझलॉनला ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरची परतफेड जमली नाही, आणि जुलै २०१९ मध्ये, वर सांगितलेल्या मालिकेची मुदत आली तेव्हा, १७.२ कोटी डॉलरचीही नाही. अशा कंपनीच्या रोख्यात परताव्याचा दर वाढवत नेण्यापेक्षा सरळ वसुलीचा हिशेब करावा. कर्जदारांच्या रांगेत आपल्या पुढे तारण घेतलेल्या बँका किती, मालमत्ता विकून त्यांचे भागल्यावर डॉलरमागे किती सेंट उरतील, आणि त्याला किती वर्षे लागतील. १,००० डॉलरमागे २५० मिळतील आणि तीन वर्षांनी, असे निघाले तर आजची जमीन २५० च्याही खाली आहे.

दुसरा सक्तीने परिवर्तनीय डिबेंचरांचा, म्हणजे सीसीडीचा. इथे मुद्दल रोखीने परत येतच नाही. ठरलेल्या दिवशी शेअरच मिळतात, ते कितीही स्वस्त असले तरी. म्हणून वरच्या अर्थाने फ्लोअर नाही. १,००० रुपयांचे डिबेंचर, वर्षाला १० टक्के व्याज, तीन वर्षांनी ८ शेअर, शेअरचा भाव ११० रुपये आणि लाभांश नाही, असे समजा. शेअरच्या भागाचे मूल्य ८८० रुपये. तीन कूपनांची १३ टक्के दराने आजची किंमत २३६. एकूण १,११६. इथे दोन्ही मूल्यांची बेरीज होते, दोहोंतले मोठे निवडायचे नसते, कारण निवड करायचा हक्कच तुम्हाला नाही.

सवयीने मुद्दलही धरले तर नुसत्या रोख्याचे मूल्य ९२९ येते आणि तेवढे तरी सुटतील असे वाटते. शेअर ६० वर आला की खरे मूल्य ४८० अधिक २३६, म्हणजे ७१६ रुपये असते. शिवाय कूपनचे २३६ सुद्धा कंपनी व्याज वेळेवर देत राहिली तरच. म्हणून सीसीडीच्या कागदावर प्रीमियमच्या आधी हे शोधावे की शेअरची संख्या आजच ठरली आहे, की रूपांतराच्या दिवशीच्या भावावर ठरणार आहे. दुसऱ्या प्रकारात भाव पडला तर जास्त शेअर मिळतात, आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.